अठरा परिच्छेद, बावीस प्रश्न

लोणारवरचा दीर्घ लेख बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. आधी बुलढाणा जिल्ह्यातले गाव, दैत्यसूदनाचे मंदिर आणि लवणासुराची कथा. मग १८२३ साली तिथे पोहोचलेला सी. जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी. मग विवराची मापे, ज्वालामुखी की उल्का हा वाद, खारट पाणी, वयाचा घोळ, आणि शेवटी जून २०२० मध्ये अचानक गुलाबी झालेले सरोवर. अठरा-वीस परिच्छेदांचा असा लेख चांगला लिहिलेला असला की वाचक एका बैठकीत संपवतो.

आठ दिवसांनी त्याच वाचकाला विचारावे, हे विवर उल्केचेच आहे हे कशावरून ठरले? गुलाबी पाणी आठवते, असुर आठवतो, एखादे साल आठवते. पण ज्या एका पुराव्यावर सगळा निर्णय झाला, तो बहुतेकांना सांगता येत नाही. यात वाचकाची आळशी वृत्ती नसते. लेखाची मांडणी गोष्टीच्या क्रमाने असते आणि परीक्षेत, चर्चेत किंवा पुढच्या वाचनात लागणारी माहिती कल्पनेच्या क्रमाने लागते. हे दोन क्रम वेगळे आहेत. लेखातून प्रश्नोत्तरे काढण्याचे काम म्हणजे एक क्रम सोडवून दुसरा क्रम बांधणे.

पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुले रोज ‘नोट्स काढतात’. त्यांतल्या बऱ्याच वह्या उघडल्या तर लेखातलीच वाक्ये थोडी आखूड होऊन उतरलेली दिसतात. क्रम लेखाचाच, शब्द लेखाचेच. अशी वही परत वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच आठवणे असा समज होतो. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी नेमका हाच समज तपासला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी छोटे माहितीपर उतारे वाचले. काही उतारे त्यांनी पुन्हा एकदा वाचले, तर काही न बघता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला मजकूर पुढे होता: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते, आणि एकदा आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के.

प्रश्न-उत्तरांच्या कागदाचा उपयोग इथे आहे. उत्तरावर हात ठेवला की तोच कागद आठवून पाहण्याचे साधन होतो. मात्र त्यासाठी प्रश्न नीट काढलेले हवेत. लोणारच्याच लेखावर हे काम पायरीपायरीने करून पाहू.

समासातली पहिली फेरी

समजा, समोरचा लेख अठरा परिच्छेदांचा आहे. पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचे नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा आणि समासात फक्त एक छोटा प्रश्न लिहायचा: हा परिच्छेद कशाचे उत्तर देतो? परिच्छेदात काय ‘आहे’ ते इथे लिहायचे नाही. ‘पाण्याबद्दल माहिती’ अशी नोंद कामाची नाही. ‘पाणी खारट का?’ ही नोंद कामाची आहे, कारण तिच्यात परिच्छेदाचा हेतू पकडला जातो.

या फेरीत एक गोष्ट लगेच लक्षात येते. काही परिच्छेद कशाचेच उत्तर देत नाहीत. लेखकाने सकाळी विवराच्या काठावर उभे राहून पाहिलेले धुके, वाटेतली झाडे, मोरांचे ओरडणे. हे लेखाला जिवंत करतात, पण त्यावर प्रश्न काढायचा नसतो. तिथे समासात आडवी रेघ मारून पुढे जावे. अठरापैकी तीन-चार परिच्छेद असे निघतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकच उत्तर तीन ठिकाणी विखुरलेले सापडते. आपल्या लेखात वयाचा पहिला उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात येतो, तिथे लेखक विवर ‘सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वीचे’ म्हणतो. नवव्या परिच्छेदात वय मोजायची पद्धत येते. चौदाव्यात तो सांगतो की नंतरच्या मोजणीत वय बरेच जास्त निघाले. वाचताना हे तुकडे जोडले जात नाहीत, कारण मधे पाणी, पक्षी आणि मंदिरे येऊन गेलेली असतात. तिसऱ्या परिच्छेदावर थांबून प्रश्न काढणारा विद्यार्थी ‘५२ हजार’ पाठ करतो आणि चौदावा परिच्छेद त्याच्या कागदावर पोहोचतच नाही.

म्हणून प्रश्न लिहायला लेखाच्या सुरुवातीपासून बसू नये. आधी समासातल्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवाव्यात, परिच्छेदाच्या क्रमांकासह, आणि एकमेकींच्या जवळच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात.

शीर्षके कुठून येतात

नोंदी एकत्र आल्या की शीर्षके जवळजवळ आपोआप दिसू लागतात. तरी इथे एक चूक हमखास होते. ‘प्रस्तावना’, ‘इतिहास’, ‘वैशिष्ट्ये’, ‘महत्त्व’ अशी शीर्षके पाडली जातात. ही शीर्षके कोणत्याही विषयाला चालतात, म्हणून ती कोणत्याच विषयाची नसतात. ‘इतिहास’ या शीर्षकाखाली १८२३ ची भेटही येते, वयाचा वादही येतो आणि मंदिरही येते, आणि ज्या गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही त्या शेजारी बसतात.

शीर्षक एका कल्पनेचे असावे. ते ओळखायची सोपी खूण अशी: त्या शीर्षकाखालच्या एका प्रश्नाचे उत्तर येत असेल तर त्याखालचा पुढचा प्रश्न सोडवायला मदत होते का? होत असेल तर ती खरी कल्पना. ‘पाणी खारट आणि अल्कधर्मी का’ या शीर्षकाखाली बाहेर जायला वाट नाही हे कळले की बाष्पीभवनाचा परिणाम कळतो, आणि तो कळला की क्षार का साठतात ते कळते. प्रश्न एकमेकांचा हात धरून येतात.

लोणारच्या लेखातून अशी पाच शीर्षके निघाली: विवराचे रूप आणि स्थान, उगम कशावरून ठरला, वय कसे मोजले, पाणी असे का, रंग आणि सूक्ष्मजीव. पहिल्याखाली तीन प्रश्न, दुसऱ्याखाली सहा, मग चार, पाच आणि चार. एकूण बावीस. सगळ्या शीर्षकांना सारखे प्रश्न द्यायचा आग्रह धरू नये. लेखाचा गाभा दुसऱ्या शीर्षकात आहे, म्हणून तिथे सहा. रूप आणि स्थान यांसाठी तीन पुरतात. एखाद्या शीर्षकाखाली दहाच्या वर प्रश्न जाऊ लागले, तर त्यात दोन कल्पना गुंतल्या आहेत असे समजून ते फोडावे.

एक परिच्छेद जवळून

आता प्रत्यक्ष प्रश्न. लेखाचा सातवा परिच्छेद असा आहे असे धरू:

“विवराच्या तळाशी छिद्रे पाडून भूवैज्ञानिकांनी खालचा खडक वर काढला. गाळाच्या जाड थराखाली तुकडे तुकडे झालेला बेसॉल्ट लागला आणि त्यात मास्केलिनाइट ही काच सापडली. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ प्रचंड धक्क्याच्या दाबाने काचेसारखे होते तेव्हा मास्केलिनाइट बनते. ज्वालामुखीच्या उद्रेकात एवढा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि लोणार हे बेसॉल्टमधले आघात-विवर असल्याचे प्रस्थापित झाले.”

पहिल्या झटक्यात विद्यार्थी साधारण असे चार प्रश्न काढतो:

१. लोणारच्या विवराविषयी माहिती लिहा.
२. त्यात कोणती काच सापडली?
३. लोणार हे आघात-विवर आहे का?
४. १९७३ मध्ये ______ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

चारही प्रश्न शाळेतल्या सवयीतून आले आहेत आणि चारही बिघडलेले आहेत, प्रत्येक वेगळ्या कारणाने. पहिला एवढा ऐसपैस आहे की उत्तर कुठे संपते ते ठरत नाही. आपण बरोबर लिहिले की नाही हे तपासताच येत नाही. दुसऱ्यात ‘त्यात’ म्हणजे कशात? आज कळते, कारण लेख शेजारी आहे. महिन्याने नुसता कागद हातात आला की कळणार नाही. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’, आणि प्रश्न विचारला गेला यावरूनच ते ‘होय’ असणार हे कळते. चौथा रिकाम्या जागेचा आहे. वाक्य लेखातून जसेच्या तसे उचललेले असल्यामुळे वाक्याची चाल ऐकूनच शब्द सुचतो, अर्थ कळायची गरज पडत नाही. शिवाय परिच्छेदातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट त्याने विचारली आहे.

परिच्छेदाचे मर्म एका शृंखलेत आहे: काच सापडली, ती फक्त धक्क्याने बनते, ज्वालामुखीत तसा धक्का नसतो, म्हणून आघात. शृंखलेच्या प्रत्येक कडीला एक प्रश्न द्यावा.

प्र. मास्केलिनाइट म्हणजे काय?
उ. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, प्रचंड धक्क्याच्या दाबाने काचेसारखे झाले की बनणारा पदार्थ.

प्र. लोणारमध्ये मास्केलिनाइट कुठे सापडले?
उ. विवराच्या तळाशी, गाळाच्या थराखालच्या तुकडे झालेल्या बेसॉल्टमध्ये. छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत.

प्र. मास्केलिनाइट सापडल्यामुळे ज्वालामुखीची शक्यता का मागे पडली?
उ. ते बनायला लागणारा धक्क्याचा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही. वेगाने येऊन आदळलेल्या वस्तूमुळे होतो.

प्र. भोवतीचा सगळा खडक ज्वालामुखीचा असूनही लोणारचे विवर ज्वालामुखीचे नाही, असे का म्हणतात?
उ. भोवतीचा बेसॉल्ट दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विवर त्या थंड झालेल्या खडकावर फार नंतर आघाताने पडले. खडकाचा उगम आणि खड्ड्याचा उगम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचा प्रश्न सातव्या परिच्छेदात सरळ लिहिलेला नाही. त्याचे अर्धे उत्तर पाचव्या परिच्छेदातून येते, जिथे दख्खनच्या पठाराचा उल्लेख आहे. असे दोन परिच्छेद जोडणारे प्रश्न सगळ्यात मोलाचे, कारण ते लेख वाचताना कोणी जोडून दिलेले नसतात. लोणारबद्दल सर्वसामान्य वाचकाचा गोंधळही नेमका इथेच होतो: सगळीकडे काळा ज्वालामुखीचा दगड दिसत असताना खड्डा मात्र उल्केचा कसा? प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या भाषेत हे ‘शास्त्रीय कारणे लिहा’. बोर्डाच्या जुन्या प्रश्नप्रकारांत हा प्रकार आणि ‘फरक स्पष्ट करा’ हे दोन स्वतःच्या अभ्यासासाठी सगळ्यात उपयोगी आहेत. ‘टिपा लिहा’ आणि ‘जोड्या लावा’ यांचा उपयोग कमी. एकाला हद्द नसते आणि दुसऱ्यात शेवटची जोडी न येताच जुळते.

उत्तर किती छोटे

छोटे उत्तर म्हणजे एक ते तीन वाक्ये, मोठ्याने म्हणायला पंधरा-वीस सेकंद. त्याहून लांब उत्तर आठवताना माणूस स्वतःला सूट देतो. निम्मे आठवले की ‘येते मला’ म्हणून पान उलटतो. प्रश्न लहान तुकड्यांत फोडण्यामागचे हेच कारण आहे. पोलंडचे पिओत्र वॉझ्नियाक यांनी ठरावीक अंतराने उजळणी करण्याची संगणक-प्रणाली तयार केली आणि प्रश्न कसे घडवावेत याचे वीस नियम मांडले. त्यांतही एका प्रश्नात कमीत कमी माहिती ठेवण्यावर मोठा भर आहे.

पण छोटे करताना उत्तरातून नेमके काय गळते, यावर लक्ष ठेवावे लागते. बहुतेक वेळा गळतात ते ‘सुमारे’, ‘एका पद्धतीनुसार’, ‘असे मानले जाते’ हे शब्द. वाक्य आखूड करणाऱ्याला ते फुकटचे वाटतात. लोणारच्या वयात ही चूक किती महागात पडते ते दिसते.

एक मोजणी तापदीप्ती पद्धतीने झाली. ती खडकातली काच शेवटची केव्हा तापली होती, त्यानंतर तिच्यात किती ऊर्जा साठली, यावरून वय सांगते. तिने सुमारे ५२ हजार वर्षे दिली, सहा हजार वर्षांच्या पुढे-मागे. नंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी मोजणी आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेली होती. आघाताने वितळलेल्या खडकातल्या पोटॅशियमचे हळूहळू आर्गॉन होते, ते किती झाले यावरून ती वय काढते. तिने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिली, ४७ हजारांच्या पुढे-मागे. दोन आकड्यांत दहापटींहून जास्त फरक. ‘लोणारचे वय किती?’ या प्रश्नाखाली यांतला कोणताही एक आकडा लिहिला तर उत्तर सुबक दिसते, आणि अर्धी माहिती हरवते.

तेव्हा इथे प्रश्नच बदलावा लागतो.

प्र. लोणारच्या वयाचे दोन अंदाज कोणते आणि ते कोणत्या पद्धतींनी आले?
उ. तापदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे. आर्गॉन पद्धतीने (२०११) सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

प्र. तापदीप्ती आणि आर्गॉन या पद्धती कशावरून वय काढतात? फरक सांगा.
उ. तापदीप्ती: खडक शेवटचा तापल्यावर त्यात साठलेल्या ऊर्जेवरून. आर्गॉन: वितळलेला खडक थिजल्यावर त्यात पोटॅशियमपासून तयार झालेल्या आर्गॉनवरून.

आकडा प्रश्नात असावा की उत्तरात, याचाही विचार करावा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली सुमारे १५० मीटर. हे दोन आकडे सुटे पाठ करण्यापेक्षा ‘विवर खोलीच्या मानाने किती पसरट आहे?’ असे विचारले, तर उत्तर ‘व्यास खोलीच्या सुमारे बारा पट’ असे येते आणि दोन्ही आकडे एकमेकांना धरून राहतात. चित्र डोळ्यांपुढे येते ते ताटलीचे, विहिरीचे नाही.

यादी दिसली की थांबावे

लेखाचा अकरावा परिच्छेद पाण्याचा आहे. त्यात लिहिले आहे की पाणी खारट आहे, अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास जातो, काठावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, बाहेर जायला प्रवाह नाही, उन्हाळ्यात पातळी घटते. सरळ मोह होतो: ‘लोणारच्या पाण्याची सहा वैशिष्ट्ये लिहा.’ असा प्रश्न उजळणीला फार छळतो. सहापैकी पाच आठवतात, सहावे नाही, आणि दर वेळी राहून जाणारे वेगळेच असते. कारण या सहा गोष्टी एका माळेत ओवलेल्या नाहीत.

यादी दिसली की विचारावे: यांतली कोणती गोष्ट कोणामुळे? मग अकराव्या परिच्छेदातून हे निघते:

प्र. लोणार सरोवरातले पाणी बाहेर कसे जाते?
उ. प्रवाहाने जात नाही, वाट नाही. मुख्यतः वाफ होऊनच कमी होते.

प्र. बाहेर वाट नसल्याने क्षारांचे काय होते?
उ. पाणी वाफ होऊन जाते, विरघळलेले क्षार मागे राहतात आणि वर्षानुवर्षे साठत जातात.

प्र. पाणी नुसते खारट नसून अल्कधर्मी का आहे?
उ. साठलेल्या क्षारांत सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट भरपूर आहेत. त्यामुळे सामू दहाच्या आसपास जातो.

प्र. गोड्या पाण्याचे झरे येऊनही सरोवर गोडे का होत नाही?
उ. येणारे गोडे पाणीही वाफ होऊन जाते आणि येताना आणलेले थोडे क्षार मागे ठेवते.

प्र. पाऊस कमी आणि ऊन जास्त असलेल्या वर्षी खारटपणाचे काय होते?
उ. पाणी घटते, क्षार तेवढेच राहतात, म्हणून खारटपणा वाढतो.

सहा वैशिष्ट्ये होती, पाच प्रश्न झाले आणि पाठ करायची यादी उरली नाही. पहिल्या उत्तरापासून शेवटच्यापर्यंत विचार करत जाता येते. पाचवा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण पुढच्या शीर्षकाचे दार तोच उघडतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पातळी घटून खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत मीठ आवडणारे सूक्ष्मजीव, म्हणजे हॅलोआर्किया, सापडले. त्यांच्यातल्या गुलाबी रंगद्रव्याने पाण्याला रंग आला होता. ‘पाणी गुलाबी का झाले?’ याचे उत्तर ‘हॅलोआर्कियामुळे’ एवढ्यावर थांबले तर ते नाव पाठ होते. ‘हॅलोआर्किया नेमके त्या वर्षी एवढे का वाढले?’ असे विचारले की विद्यार्थी मागच्या शीर्षकाकडे जातो आणि खारटपणाचे उत्तर स्वतः घेऊन येतो. त्याच शीर्षकाखाली सरोवराला मिळालेला, नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला रामसर दर्जा येतो, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातला दुसरा. त्याला एक प्रश्न पुरतो.

तीन तपासण्या

बावीस प्रश्न झाले की कागद तयार झाला असे वाटते. त्याआधी तीन तपासण्या कराव्यात.

पहिली, परिच्छेदांची. समासातले क्रमांक इथे कामाला येतात. प्रत्येक प्रश्नापुढे त्याचा परिच्छेद क्रमांक कंसात लिहावा आणि एक ते अठरा मोजून पाहावे. आडवी रेघ मारलेले सोडले तर एखादा क्रमांक कुठेच आला नसेल, तर तो परिच्छेद निसटला आहे. उलट एकाच क्रमांकावर पाच प्रश्न लागले असतील, तर कदाचित एका चटकदार किश्श्यात जीव अडकला आहे. लोणारच्या कागदावर हे लवणासुराच्या कथेबाबत सहज होते.

दुसरी, उत्तरांची. प्रत्येक उत्तर लेखातल्या वाक्याशी पुन्हा ताडून पाहावे. आठवणीवर विसंबू नये. इथेच ‘सुमारे’ गळलेले सापडते, इथेच मीटरचे किलोमीटर झालेले सापडते.

तिसरी, परक्या डोळ्यांची. ज्याने लेख वाचलेला नाही त्याला फक्त प्रश्न वाचायला द्यावेत, उत्तरे नाहीत. ‘त्यात म्हणजे कशात?’, ‘कोणती मोजणी?’ असे त्याने विचारले की तो प्रश्न स्वतःच्या पायावर उभा नाही हे कळते. घरातला कोणीही या कामाला चालतो. त्याला भूविज्ञान येत नसेल तर अधिकच चांगले.

जे कागदावर येत नाही

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. प्रश्नोत्तरांत लेखाची वाटचाल तुटते. विवराची पाहणी १८२३ मध्ये झाली आणि निर्णायक पुरावा १९७३ मध्ये आला. मधली दीडशे वर्षे हे विवर ज्वालामुखीचे मानणे का रास्त वाटत होते, पृथ्वीवर उल्कांनी विवरे पडतात हेच शास्त्रज्ञांना पटायला किती काळ लागला, एका खनिजाच्या कणाने प्रश्न कसा मिटवला. ही कहाणी दोन वाक्यांच्या उत्तरात मावत नाही. ज्याने फक्त कागद वाचला आहे त्याला निकाल कळतो, खटला कळत नाही.

त्यासाठी शेवटी एखाद-दुसरा लांब प्रश्न वेगळा ठेवावा. त्याला छोटे उत्तर लिहूच नये. फक्त क्रमाने चार-पाच खुणेचे शब्द लिहावेत. ‘लोणारच्या उगमाबद्दलचे मत १८२३ ते १९७३ या काळात कसे बदलले?’ याखाली: अलेक्झांडर, भोवतीचा बेसॉल्ट, ज्वालामुखीचा तर्क, तळातली छिद्रे, मास्केलिनाइट. या पाच शब्दांवरून पाच मिनिटे बोलता आले, तर बावीस उत्तरे एकमेकांना जोडली गेली आहेत. हा प्रश्न बावीसांत मोजायचा नाही, कारण त्याची उजळणी वेगळी आहे: उत्तर मनात म्हणायचे नाही, मोठ्याने कोणाला तरी सांगायचे.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. उजवीकडची उत्तरे पोस्टकार्डाने झाकून विद्यार्थिनी वरून सुरुवात करते. पहिले शीर्षक सरळ जाते. दुसऱ्यात चौथ्या प्रश्नावर ती अडते: भोवतीचा खडक ज्वालामुखीचा, मग विवर का नाही? तिला मास्केलिनाइट आठवते, पण तिने सांगितलेले उत्तर तिसऱ्या प्रश्नाचे आहे. कार्ड सरकवल्यावर तिच्या लक्षात येते की खडक आधीचा आणि खड्डा नंतरचा, ही कडीच तिच्या डोक्यात नव्हती. ती पाचव्या आणि सातव्या परिच्छेदाकडे परत जाते, दोन्ही पुन्हा वाचते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाच्या मधे पेन्सिलीने एक नवा प्रश्न घालते: ‘लोणारमध्ये आधी काय झाले, लाव्हा पसरला की आघात झाला, आणि दोन्हींत अंदाजे किती काळ गेला?’ उत्तरात ती लिहिते: आधी लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आघात अगदी अलीकडचा, जास्तीत जास्त अंदाज धरला तरी सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचा. पुढे कंसात ती परिच्छेदांचे क्रमांक टाकते: ५, ७, १४. कागदावर आता तेवीस प्रश्न आहेत.